धुतल्यावर लेबल खोटे ठरते: हाताने शिवलेल्या कपड्यांचे टॅग आणि लेबल कुठे चुकतात, ते कसे शोधावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घरी किंवा बचत गटातून कुर्ते, ब्लाऊज, मुलींचे परकर शिवून विकणाऱ्यांची संख्या बरीच आहे, आणि त्यांच्या टॅग-लेबलांच्या तक्रारी माझ्याकडे वर्षानुवर्षे येत आहेत. प्रत्येकाला आपली तक्रार वेगळी वाटते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबते: लेबलावर जे छापले आहे ते कपडा धुण्याआधी ठरवलेले असते. पुढील तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोनतीन तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि निम्म्याहून अधिक दोष तिथेच सापडतात.

लक्षणे

गिऱ्हाईक परत येते तेव्हा ते दोष सांगत नाही, लक्षण सांगते. "कुर्ता आटला", "बाजूला झोळ पडला", "लेबल कोरे झाले, आता कसे धुवायचे ते कळत नाही", "मानेला टोचते", "टॅगवर एल लिहिले होते पण एम सारखे बसते" ही नेहमीची वाक्ये आहेत. काही लक्षणे विक्रीपूर्वीच दिसतात: धुण्याच्या खुणांच्या जागी इंग्रजी अक्षरे छापून येतात, कानडी ओळीतील जोडाक्षरे फुटतात, किंवा पावसाळ्यात टॅगच्या पिनेभोवती तांबूस डाग पडतो. गिऱ्हाइकाचे वाक्य त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावे. "आटला" आणि "झोळ पडला" यांची कारणे निराळी असू शकतात, आणि आपण घाईने दोन्हींना "कापड खराब" म्हणून मोकळे होतो.

आधी टॅग आणि लेबल शेजारी ठेवून वाचावेत

टॅग हे दुकानात बोलते आणि घरी गेल्यावर कापून टाकले जाते. लेबल मात्र कपड्याबरोबर राहते. म्हणून किंमत आणि विकणाऱ्याची माहिती टॅगवर चालते, पण माप, कापड आणि धुण्याच्या खुणा लेबलावर असल्याच पाहिजेत. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून माप आणि कापड जुळते का ते पाहावे. टॅग एका वेळी छापलेले आणि लेबल दुसऱ्या वेळी, असे असेल तर "शुद्ध कॉटन" आणि "कॉटन मिश्र" असे दोन निराळे दावे एकाच कुर्त्यावर सापडतात.

माप लिहिताना एक गोंधळ हटकून होतो. आपल्याकडे शिंपी इंचात बोलतो आणि गिऱ्हाईकही "अडतीस छाती" असेच म्हणते. टॅगवरचा आकडा अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या, हे लिहिलेले नसते. अडतीस इंच म्हणजे सुमारे ९७ सेंटिमीटर. त्या अंगासाठी शिवलेल्या कुर्त्याची छाती १०५ सेंटिमीटर असू शकते, कारण सैलपणा ठेवावा लागतो. दोघांपैकी कोणता आकडा छापला हे स्पष्ट नसेल तर कपडा न आटताही "मापात बसत नाही" अशी तक्रार येते. "एल, अंगाची छाती ९७ सें.मी." अशी पूर्ण ओळ छापावी.

सुटा टांगून विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांसाठी वैधमापनशास्त्राच्या नियमांत २०२२ मध्ये सवलत मिळाली. तरीही चार गोष्टी लागतातच: बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे नाव व पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एस-एम-एल सारखी खूण आणि तिच्याबरोबर सेंटिमीटरमध्ये माप, आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. हा मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो आणि त्याखेरीज इतर भाषा वापरता येतात. आपल्या भागात हे महत्त्वाचे आहे, कारण इथे टॅगवर मराठी आणि कानडी दोन्ही हव्या असतात आणि खरेदीला गोव्याहूनही माणसे येतात. पण केवळ मराठी-कानडी छापून भागत नाही, हे अनेकांना दंडाची गोष्ट निघाल्यावरच कळते. कपडा बंद पाकिटात किंवा डब्यात विकणार असाल तर आणखी मजकूर लागतो. तेव्हा स्वतः अंदाज न करता जिल्ह्यातील वैधमापनशास्त्र कार्यालयात किंवा कर सल्लागाराकडे विचारावे.

छपाई टिकते का

लेबल कोरे होणे हा दोष ओळखायला सर्वांत सोपा आहे. एक न शिवलेले लेबल घ्यावे, ओले करून त्यावर साबण लावावा आणि पांढऱ्या फडक्याने दाबून दहा वेळा घासावे. फडक्यावर काळेपणा उतरला तर पुढे धुण्याची वाटही पाहू नये. मग कोरड्या लेबलावर नखाने खरवडून पाहावे. छपाईचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर रिबन चुकलेली आहे.

लेबलाच्या पट्ट्या बहुधा थर्मल ट्रान्स्फर यंत्रावर छापल्या जातात. त्यात उष्णतेने रिबनवरची काळी शाई पट्टीवर उतरते. या रिबनी तीन जातींच्या असतात: मेणाची, मेण आणि रेझिन मिश्र, आणि निव्वळ रेझिनची. मेणाची स्वस्त असते आणि कागदी स्टिकरसाठी ठीक आहे, पण सॅटिन किंवा नायलॉनच्या पट्टीवर ती धुण्यात निघून जाते. छापणाऱ्याला "धुण्याची रिबन द्या" एवढेच सांगण्याऐवजी "निव्वळ रेझिन रिबन" असे स्पष्ट सांगावे, आणि पूर्ण मागणी देण्यापूर्वी चार नमुने मागून घ्यावेत. घरी रबरी शिक्का मारणाऱ्यांनी कागदी कामाची पॅडशाई वापरू नये. कापडावरची शाई घ्यावी, वाळू द्यावी आणि वरून इस्त्रीने पक्की करावी. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेली पट्टी तर पहिल्याच पाण्यात पसरते.

खुणा किमान चार-पाच मिलिमीटर उंच आणि अक्षरे सहा पॉइंटच्या खाली नसावीत. त्याहून लहान छपाई नवी असताना वाचता येते, पण दोन धुण्यांनंतर कडा झिजल्या की इस्त्रीच्या खुणेतले एक टिंब आणि दोन टिंबे सारखीच दिसू लागतात.

प्रेसमध्ये फाइल बिघडली आहे का

खुणांच्या जागी अक्षरे येणे किंवा मराठी-कानडी जोडाक्षरे फुटणे हा छपाईचा दोष नसून फाइलचा आहे. खुणांचा वेगळा फाँट तुमच्या संगणकावर असतो आणि प्रेसच्या संगणकावर नसतो. तिथे फाइल उघडली की धुण्याची खूण असलेल्या टबच्या जागी एखादे इंग्रजी अक्षर उमटते. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडच्या फाइलीत टाकला तरी असेच होते. उपाय मिनिटाभराचा आहे. CorelDRAW मध्ये सर्व मजकूर निवडून `Ctrl+Q` दाबावे, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात, आणि मग PDF करून द्यावी. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण आकृत्या झालेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. छापून आल्यावर कानडी ओळ कानडी वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्यावी. आपल्याला ती "बरोबर दिसते" याला अर्थ नाही.

लेबल कुठे आणि कसे शिवले आहे

"टोचते" ही तक्रार बहुधा पट्टीच्या कडेची असते. गरम पात्याने कापलेल्या सॅटिनची कड वितळून कडक होते आणि ती मानेशी आली की टोचते. लेबल मधोमध दुमडून, दोन्ही कापलेल्या कडा शिलाईत जातील असे, डाव्या बाजूच्या शिवणीत खालच्या काठापासून सात ते दहा सेंटिमीटरवर लावावे. आराखडा करतानाच दोन्ही टोकांना आठ मिलिमीटर जागा कोरी सोडावी. ती सोडली नाही तर पहिली खूण शिलाईखाली दबते, आणि पहिली खूण नेमकी धुण्याची असते.

टॅगसाठी लोखंडी सेफ्टी पिन वापरू नये. खानापूरकडच्या पावसाळी ओलीत ती काही दिवसांत गंजते आणि गंजाचा डाग कापडातून सहजी निघत नाही. टॅगचा दोरा पांढरा किंवा पक्क्या रंगाचा असावा. लाल दोरा हौसेने लावलेला असतो, पण ओल लागली की त्याचा रंग मोतिया कुर्त्यावर उतरतो. दोरा शिवणीतून किंवा काजातून ओवावा, कापड भोसकून नव्हे.

कापड खरोखर किती आटते

इथपर्यंतच्या तपासण्यांत दोष सापडला नाही तर मग लेबलावरचा मजकूरच कापडाला लागू पडत नाही असे समजावे. ही तपासणी दोनतीन दिवस घेते आणि अर्धा-पाऊण मीटर कापड खाते, म्हणून ती मागे ठेवली आहे. तीच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

बाहेरून खण आणि आतून कॉटनचे अस्तर असलेल्या कुर्त्याचे उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त तक्रारी याच कपड्याच्या येतात. खण गुळेदगुड्डचा असो वा बाजारातला मिश्र धाग्याचा, शिवणारी त्याचीच काळजी घेते आणि अस्तर जे मिळेल ते लावते. लेबलावर "हाताने धुवा" असते, गिऱ्हाईक हातानेच धुते, आणि तरीही कुर्ता आटून येतो.

खणाचा आणि अस्तराचा साठ सेंटिमीटरचा एकेक तुकडा कापावा. कडा उसवू नयेत म्हणून ओव्हरलॉक करावे किंवा हातटाका घालावा. प्रत्येक तुकड्यावर न निघणाऱ्या दोऱ्याने बरोबर ५० सेंटिमीटर बाजूंचा चौकोन टाचावा आणि ताणा कोणत्या दिशेला आहे ते बाणाने दाखवावे. मग लेबलावर जसे लिहिणार आहात तसेच, तितक्याच कोमट पाण्यात धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे, हलकी इस्त्री करून मोजावे. असे तीन वेळा करावे, कारण कोरे कापड पहिल्या धुण्यात सर्वांत जास्त आटते, पण तिथेच थांबत नाही.

समजा तिसऱ्या धुण्यानंतर खण ताण्याच्या दिशेने ५० चा ४९.५ झाला आणि अस्तर ४७ झाले. अस्तराचे तीन सेंटिमीटर गेले, म्हणजे सहा टक्के; खणाचा अर्धा गेला, म्हणजे एक टक्का. बाण्याच्या दिशेने खण जागचा हलला नाही आणि अस्तर ४८.५ झाले, म्हणजे तीन टक्के. आता हे आकडे कुर्त्यावर बसवून पाहावेत. काखेपासून कटपर्यंतची बाजूची शिवण ४५ सेंटिमीटर आहे आणि त्यात खण व अस्तर एकत्र शिवले आहेत. धुतल्यावर अस्तराला तिथे ४२.३ सेंटिमीटरच व्हायचे असते आणि खणाला ४४.५ च्या आसपास. उरलेले दोन सेंटिमीटरहून अधिक खण कुठे जाणार? ते शिवणीवर झोळ होऊन बाहेर येते. छातीचे अस्तर १०५ वरून सुमारे १०२ वर येते, आणि ९७ सेंटिमीटर अंगासाठी ठेवलेला आठ सेंटिमीटरचा सैलपणा पाचवर येतो. गिऱ्हाइकाला एलचा कुर्ता एमसारखा वाटतो तो असा. खणाला दोष देण्यात अर्थ नसतो, आणि लेबल बदलून हा दोष जात नाही.

उपाय कापण्यापूर्वीचा आहे. अस्तर पाण्यातून काढावे: रात्रभर भिजत ठेवावे म्हणजे खळ निघते, सकाळी न पिळता वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच कापावे. त्यानंतर त्याच कापडाचा चौकोन पुन्हा धुऊन मोजावा. आता आटणे खणाच्या जवळपास, एकदोन टक्क्यांत आले तर लेबलावर "हाताने धुवा" हे खरे ठरते. नाही आले तर अस्तराचे कापडच बदलावे.

शिवून तयार असलेल्या मालाचे काय, असा प्रश्न हमखास येतो. दोन प्रामाणिक मार्ग आहेत. सगळे कुर्ते एकदा धुऊन, इस्त्री करून, नव्याने मोजावेत आणि जो एमला बसतो त्याला एमचे लेबल व टॅग लावावे. झोळ मात्र इस्त्रीने जाणार नाही. तिथे बाजूची शिवण उसवून अस्तर मोकळे करावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे टबावर फुली मारून फक्त ड्रायक्लीन सुचवणे. पण दीड हजारांच्या कुर्त्याला दर वेळी लॉन्ड्रीत कोणी देत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असते. माझ्या मते तो मार्ग फक्त महागड्या कामासाठी ठेवावा.

याच धुण्यात रंगही पाहून घ्यावा. खणाच्या तुकड्यावर पांढऱ्या कॉटनची चिंधी टाचावी आणि साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावी. चिंधीवर रंग चढला तर "वेगळे धुवा" हे शब्दांतच लिहावे लागते, कारण त्यासाठी नेहमीच्या पाच खुणांत आकृती नाही. "उलटून धुवा" याचेही तसेच. मराठी आणि कानडी ओळीचा खरा उपयोग इथे आहे. बाकीचे काम खुणा करतात.

खुणा कशा ठरवाव्यात

पाच खुणांचा क्रम ठरलेला आहे: टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, वर्तुळ, म्हणजे धुणे, ब्लीच, वाळवणे, इस्त्री आणि लॉन्ड्रीतील व्यावसायिक धुलाई. क्रम बदलू नये आणि आपल्या मनाने नव्या आकृत्याही काढू नयेत. नियम इतकाच की कपड्यातल्या सर्वांत नाजूक घटकाला जे सोसेल ते लिहायचे. अस्तर कॉटनचे आहे म्हणून इस्त्रीत तीन टिंबे, म्हणजे सुमारे २०० अंश, असे लिहिले तर खणातला पॉलिएस्टर धागा चकाकी धरतो आणि काठाची चकाकणारी जरतार आकसते. असा काठ असेल तर एक टिंब, सुमारे ११० अंश, आणि "उलट्या बाजूने" हे शब्द.

वरच्या कुर्त्याचे लेबल असे होईल: हात असलेला टब, फुली मारलेला त्रिकोण, उभी रेघ आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ असलेला चौकोन, एका टिंबाची इस्त्री. उभी रेघ म्हणजे दोरीवर वाळवणे, तिरकी रेघ म्हणजे सावलीत. ही तिरकी रेघ प्रेसवाले चुकून काढून टाकतात, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गडद खण विटतो. वर्तुळात पी लिहायचे असेल तर आधी एक कुर्ता खरोखर ड्रायक्लीन करून आणावा. चिकटवलेले आरसे किंवा बटणे असतील तर ती सुटतात.

कापडाचे नाव, आणि कुठे थांबावे

कापड विकणारा जे नाव सांगेल तेच छापणे धोक्याचे आहे. ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा वेगवेगळे ओढून, चिमट्यात धरून, लोखंडी थाळीवर जाळून पाहावेत. कॉटन कागदासारखे जळते आणि मऊ राखाडी राख ठेवते. पॉलिएस्टर आकसून वितळते आणि कडक मणी होतो. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. अनेकदा ताणा एक आणि बाणा भलताच निघतो, आणि मग "शुद्ध" हा शब्द टॅगवरून काढावा लागतो.

या चाचणीला मर्यादा आहेत. कॉटन आणि व्हिस्कोज जळताना सारखेच वागतात आणि एकाच धाग्यात मिसळलेल्या तंतूंचे प्रमाण ज्योतीने कळत नाही. टक्केवारी छापायची असेल, "शुद्ध रेशीम" लिहायचे असेल, दुकानाला किंवा बाहेरगावच्या व्यापाऱ्याला मोठी खेप द्यायची असेल, तर इथे थांबून प्रयोगशाळेत जावे. इचलकरंजी जवळ आहे आणि तिथे कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क ही नोंदणीची चिन्हे आहेत. शहापूर-वडगावच्या मागावरचे कापड असले तरी नोंदणीशिवाय ते चिन्ह टॅगवर छापता येत नाही.

किमतीबाबत एवढेच: छापलेली किंमत वाढवण्यासाठी वर स्टिकर लावता येत नाही. कमी करायची असेल तर नवी किंमत स्टिकरवर लावता येते, पण जुनी झाकली जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगावर पाच टक्के आणि त्यावरील नगावर अठरा टक्के जीएसटी आहे. त्यामुळे अडीच हजारांच्या आसपासची किंमत छापण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे.

प्रयोगशाळेत जाताना न धुतलेला खण आणि न धुतलेले अस्तर प्रत्येकी अर्धा मीटर न्यावे, शिवलेला कुर्ता नव्हे. धुण्याने आटणे, धुण्यात आणि घासण्यात रंग टिकणे, आणि तंतूंचे प्रमाण या तपासण्या मागाव्यात. धुण्याचे तापमान तेच सांगावे जे लेबलावर छापणार आहात. वेगळ्या तापमानाचा अहवाल तुमच्या लेबलाला लागू होत नाही.